घरून काम करताना नोंदवलेल्या पत्त्यावरूनच प्रवेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व सहकाऱ्यांना,

ऑफिसबाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याची सोय, म्हणजे व्हीपीएन आणि त्यातून उघडणारा रिमोट डेस्कटॉप, आता फक्त नोंदवलेल्या घरच्या पत्त्यांवरूनच चालते. इथे पत्ता म्हणजे फ्लॅट नंबर आणि पिनकोड नव्हे. तुमच्या घरच्या ब्रॉडबँडला इंटरनेटवर जो आयपी पत्ता आहे, तो. हेल्पडेस्कवर येणारे फोन पाहता बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी होते आहे: नोंदवायचा पत्ता नेमका कोणता आणि तो आपलाच आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून खाली त्या भागाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. फॉर्म भरण्याआधी निदान तेवढं तरी पूर्ण वाचा.

नेमकं काय बदललं?

पूर्वी व्हीपीएनचं दार जगातल्या कोणत्याही आयपी पत्त्याला दिसत होतं. कुणीही ते ठोठावू शकत होतं. पासवर्ड आणि ओटीपी बरोबर असेल तर आत येत होतं. आता फायरवॉलवर एक यादी आहे. यादीतल्या पत्त्यावरून आलेल्या जोडणीलाच व्हीपीएन उत्तर देतं. बाकीच्यांना "प्रवेश नाही" असंही सांगितलं जात नाही, फायरवॉल त्यांची पाकिटं मुकाट्याने टाकून देते. पासवर्ड आणि ओटीपी पूर्वीसारखेच लागतील. ही तपासणी त्यांच्या आधीची आहे, त्यांच्या जागी आलेली नाही.

ई-मेल, व्हिडिओ मीटिंग आणि रजेचं पोर्टल आपल्या सर्व्हर रूममध्ये नाहीत, त्यामुळे त्यांना हा नियम लागू नाही. टॅली, फाइल सर्व्हर, ड्रॉइंग्जचा साठा आणि ऑफिसमधल्या तुमच्या डेस्कटॉपला तो लागू आहे.

पासवर्ड आणि ओटीपी असताना ही भर कशाला?

पासवर्ड चोरीला जातात, आणि ओटीपीही फसवून काढून घेतला जातो. हुबेहूब आपल्या लॉगिनसारखं दिसणारं पान समोर आणून दोन्ही एकाच वेळी टिपून घेणं आता अवघड राहिलेलं नाही. शिवाय व्हीपीएनच्या सॉफ्टवेअरमध्येच एखादी त्रुटी निघाली, तर हल्लेखोराला पासवर्डची गरजही पडत नाही. दारापर्यंत पोहोचलं की पुरतं. यादी लावल्यावर दारापर्यंतच पोहोचता येत नाही, आणि त्रुटी जाहीर झाल्यापासून आम्ही दुरुस्ती बसवेपर्यंतचा काळ निभावून नेता येतो.

या उपायाची मर्यादाही ठाऊक असू द्या. तुमच्या घरच्याच वायफायवर एखादं दूषित उपकरण असेल, तर तेही नोंदवलेल्या पत्त्यावरूनच बोलतं. त्यामुळे लॅपटॉपचे अपडेट टाळू नका, आणि राउटरच्या मागे छापलेला मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड अजून तसाच असेल तर तो आजच बदला.

माझ्या लॅपटॉपवर `192.168.1.7` दिसतं. हेच नोंदवू का?

नाही. आलेल्या फॉर्मपैकी बऱ्याच फॉर्मात हीच चूक आहे. घरात एकाच वेळी तीन वेगवेगळे आकडे असू शकतात, आणि त्यातला एकच आमच्या उपयोगाचा आहे.

पहिला आकडा लॅपटॉपचा. तो राउटर देतो आणि घरापुरताच चालतो. `192.168` ने किंवा `10` ने सुरू होणारे पत्ते, तसेच `172.16` ते `172.31` पर्यंतचे, सगळे खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. `192.168.1.7` या घडीला लाखो घरांत कुणा ना कुणाला मिळालेला असेल. आमच्या फायरवॉलला तो कधी दिसतच नाही.

दुसरा आकडा राउटरचा, म्हणजे राउटरला त्याच्या बाहेरच्या बाजूला ऑपरेटरकडून मिळालेला. राउटरच्या पानावर तो `WAN IP` म्हणून दिसतो.

तिसरा आकडा बाहेरच्या जगाला दिसणारा. फायरवॉल हाच पाहते.

दुसरा आणि तिसरा आकडा एकच असेल, तर तो पत्ता तुमच्या घराचा आहे. ते वेगळे असतील, तर तुमच्यात आणि इंटरनेटमध्ये आणखी कुणीतरी बसलेलं आहे. पुढची सगळी तपासणी या एका तुलनेवर आहे.

हे दोन आकडे कसे काढायचे?

आधी कंपनीचं व्हीपीएन बंद करा. ते चालू असेल तर बाहेरचा पत्ता ऑफिसचाच दिसू शकतो. लॅपटॉपवर दुसरं कोणतं व्हीपीएन अ‍ॅप असेल तर तेही बंद करा. लॅपटॉप घरच्याच वायफायवर आहे, फोनच्या हॉटस्पॉटवर नाही, याची खात्री करून घ्या.

मग स्टार्ट मेन्यूत `cmd` टाइप करून काळी खिडकी उघडा आणि हे चालवा:

```
curl.exe -4 https://api.ipify.org
```

जो आकडा येईल तो बाहेरचा पत्ता. त्यातला `-4` गाळू नका. भारतात बऱ्याच कनेक्शनवर आयपीव्ही६ सुद्धा चालू असतं, आणि ब्राउझरमध्ये "माझा आयपी" असं शोधलं तर अनेकदा अपूर्णविरामांनी जोडलेला लांबलचक पत्ता समोर येतो. आपलं व्हीपीएन सध्या फक्त आयपीव्ही४ वर ऐकतं, त्यामुळे तो लांब पत्ता फॉर्ममध्ये भरून उपयोग नाही.

आता राउटरचा आकडा. त्याच खिडकीत `ipconfig` चालवा. `Default Gateway` समोरचा आकडा राउटरचा घरातला पत्ता असतो. सहसा तो `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो, जिओफायबरच्या राउटरवर `192.168.29.1`. तो ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीत टाका, अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करा आणि `Status` किंवा `Internet` या पानावर `WAN IP` शोधा. पानाचं नाव कंपनीगणिक बदलतं, पण ही माहिती कुठेतरी असतेच. लॉगिन जमलं नाही तर कनेक्शन जोडून देणाऱ्या केबलवाल्याला विचारा, त्याच्याकडे पासवर्ड असतो.

मॅक वापरणाऱ्यांनी टर्मिनलमध्ये वरची `curl` ची आज्ञा `.exe` न लावता चालवावी.

दोन्ही आकडे वेगळे आले. आता?

`WAN IP` कशाने सुरू होतो ते पाहा.

तो `100.64` पासून `100.127` पर्यंतच्या पट्ट्यातला असेल, तर शंकेला जागा नाही: तुम्ही ऑपरेटरच्या सामायिक पत्त्यामागे आहात. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत, आणि आशिया-पॅसिफिक विभागाच्या वाट्याचा शेवटचा मोठा साठा २०११ सालीच वाटपाला लागला. त्यानंतर ऑपरेटरांनी एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवायला सुरुवात केली, आणि या मधल्या जोडणीसाठी २०१२ मध्ये `100.64.0.0/10` हा पट्टा मुद्दाम राखून ठेवण्यात आला. सोसायटीच्या सगळ्या विंगांची टपाल एकाच गेटवरच्या पेटीत पडावी, तसा हा प्रकार आहे. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पेटी दिसते, फ्लॅट दिसत नाही.

तो `10` ने किंवा `172.16` ते `172.31` ने सुरू होत असेल, तरी बहुतेक वेळा अर्थ तोच. काही ऑपरेटर सामायिक पत्त्यामागे हेच खाजगी पट्टे वापरतात.

तो `192.168` ने सुरू होत असेल, तर घाईने निष्कर्ष काढू नका. तुमच्याकडे भिंतीवर ऑपरेटरची फायबरची पेटी आणि त्याच्यापुढे तुम्ही विकत घेतलेला वेगळा राउटर, असे दोन डबे असण्याची शक्यता जास्त. तुमच्या राउटरला पेटीने घरातलाच पत्ता दिलेला असतो. खरा `WAN IP` पाहायला त्या पेटीच्या पानावर जावं लागेल. तिथला आकडा बाहेरच्या पत्त्याशी जुळला, तर तुमचं कनेक्शन ठीक आहे.

काहीजण `tracert` चालवून दुसऱ्या टप्प्यावर `10.` चा पत्ता दिसला म्हणून "मी सीजीनॅटमागे आहे" असं कळवत आहेत. त्यावर विसंबू नका. ऑपरेटर आपल्या आतल्या जोडण्यांनाही खाजगी पत्ते देतात, आणि ज्यांच्याकडे स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे त्यांनाही `tracert` मध्ये ते दिसू शकतात. `WAN IP` ची तुलनाच खात्रीची.

सामायिक पत्ता असला तरी तो नोंदवून घ्यायला काय हरकत आहे?

दोन कारणं. तो पत्ता नोंदवला की त्यामागचे सगळे अनोळखी ग्राहक एकदम यादीत येतात आणि यादीचा हेतूच संपतो. दुसरं कारण तुम्हाला रोज जाणवेल असं आहे: सामायिक पत्त्यांचा एक संच असतो, आणि आज तुम्ही त्यातल्या एकामागे असाल, उद्या दुसऱ्यामागे. सकाळी चाललेलं व्हीपीएन दुपारी बंद पडेल, आणि तुमच्या घरात काहीच बदललेलं नसेल. म्हणून असे पत्ते आम्ही नोंदवत नाही.

आकडे जुळतात. पण पत्ता कायम राहील हे कसं ओळखायचं?

आकडे जुळणं म्हणजे पत्ता फक्त तुमचा आहे. तो कायम तुमचाच राहील असं त्यातून सिद्ध होत नाही. बहुतेक घरगुती कनेक्शनवर पत्ता बदलता असतो: राउटर ऑपरेटरकडे लॉगिन करतो, पत्ता घेतो, आणि जोडणी तुटून पुन्हा लागली की नवीन पत्ता मिळू शकतो.

तपासायला सोपं आहे. आजचा बाहेरचा पत्ता लिहून ठेवा. राउटर आणि फायबरची पेटी, दोन्ही दहा मिनिटं बंद ठेवा. चालू करून पुन्हा पाहा. बदलला असेल तर उत्तर मिळालं. नाही बदलला तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण काही ऑपरेटरांकडे जुना पत्ता थोडा वेळ राखून ठेवला जातो. रोज एकदा, असा आठवडाभर पाहा. आठवडाभर तोच राहिला आणि त्या काळात एकदा तरी राउटर बंद-चालू झाला असेल, तर तो आम्ही नोंदवतो. पुढे बदलला तर पुन्हा फॉर्म भरावा लागेल. महिन्यातून दोनदा बदलला, तर मात्र स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा ठरावीक पत्ता, घ्यायला सांगू.

स्टॅटिक आयपी मागताना केबलवाल्याला काय सांगू?

शब्द नेमके हवेत, नाहीतर भलतंच मिळतं. असं सांगा: "मला एक स्टॅटिक पब्लिक आयपीव्ही४ पत्ता हवा आहे. सीजीनॅटमागचा नको. माझ्या राउटरच्या वॅन आयपीमध्ये तोच दिसला पाहिजे." यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. "तुमचा आयपी स्टॅटिकच आहे" असं उत्तर मिळून प्रत्यक्षात ठरावीक `10.` चा खाजगी पत्ता दिलेला असणं, हे सर्रास होतं. तो स्टॅटिक असतो हे खरं, पण बाहेर जाताना पुन्हा सामायिक पत्त्यातूनच जातो.

शुल्क ऑपरेटरगणिक वेगळं आहे. कुणी महिन्याला आकारतो, कुणी वर्षाचं एकदम. काहीजण घरगुती प्लॅनवर देतच नाहीत, बिझनेस प्लॅन घ्यायला लावतात. आधी दर लेखी घ्या, हेल्पडेस्कला पाठवा, मंजुरी आल्यावरच पैसे भरा. बिलावर तुमचं नाव, घरचा पत्ता आणि "स्टॅटिक आयपी" ही ओळ वेगळी असेल तर परतावा विनाअडथळा मिळतो. वर्षाचं एकदम भरण्याआधी त्या घरात वर्षभर राहणार आहात ना, याचा विचार करा. घर बदललं की तो पत्ता सोबत नेता येत नाही.

एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवाल का?

समजा, अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याचं घर डोंबिवलीत आहे आणि नेट स्थानिक केबल ऑपरेटरचं आहे. लॅपटॉपवर `192.168.1.7`, राउटरच्या पानावर `WAN IP` `100.72.14.9`, आणि `curl` चं उत्तर `203.0.113.45`. मधला आकडा `100.64` ते `100.127` च्या आत पडतो. म्हणजे सीजीनॅट. `203.0.113.45` फॉर्ममध्ये भरला तर फॉर्म परत येईल.

त्यांनी स्टॅटिक आयपी घेतला. ऑपरेटरने `198.51.100.23` दिल्याचा संदेश आला, पण `curl` अजूनही जुनाच आकडा दाखवतं. इथे बरेचजण ऑपरेटरशी भांडायला जातात. पण नवा पत्ता पुढच्या लॉगिनला लागू होतो, आणि राउटरचं जुनं लॉगिन अजून चालू आहे. राउटरच्या पानावर `Disconnect` करून `Connect` केलं, किंवा राउटर पाच मिनिटं बंद ठेवला, की `WAN IP` मध्ये `198.51.100.23` दिसायला हवा. काही ठिकाणी ऑपरेटर नवं यूजरनेमही देतो, ते राउटरमध्ये भरल्याशिवाय पत्ता बदलत नाही.

आता `WAN IP` आणि `curl` दोन्ही `198.51.100.23` दाखवतात. फॉर्ममध्ये तो आकडा आणि दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट जातात. नोंद झाल्याचा मेल आला, व्हीपीएन लागलं. तीन दिवसांनी संध्याकाळी पुन्हा बंद. `curl` चालवल्यावर वेगळाच आकडा आला, आणि वायफायच्या चिन्हावर पाहिलं तर लॅपटॉप मुलाच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडलेला. दुपारी नेट गेलं तेव्हा विंडोजने आधी जतन केलेलं दुसरं नेटवर्क आपोआप पकडलं होतं. त्या हॉटस्पॉटसमोरचं `Connect automatically` काढून टाकलं की हा प्रश्न पुन्हा येत नाही.

नोंद झाली आहे, तरी व्हीपीएन लागत नाही. दोष पत्त्याचा की पासवर्डचा?

ते कुठे अडतं यावरून कळतं. पासवर्ड विचारण्याआधीच चक्र फिरत राहून शेवटी वेळ संपल्याचा संदेश आला, तर पत्त्याकडे पाहा. फायरवॉल उत्तरच देत नाही, म्हणून वाट पाहावी लागते. पासवर्डची चौकट आली आणि नंतर नकार मिळाला, तर पत्ता बरोबर आहे. मग पासवर्ड, ओटीपी किंवा फोनचं घड्याळ तपासा. घड्याळ मिनिटभर जरी मागेपुढे असलं तरी अ‍ॅपमधला ओटीपी नाकारला जाऊ शकतो. छान चालू असताना मध्येच तुटलं आणि नंतर चौकटही येईना, तर पत्ता कामाच्या मधोमध बदलला आहे.

हेल्पडेस्कला फोन करण्याआधी `curl` चा त्या क्षणीचा आकडा आणि वेळ लिहून घ्या. या दोन गोष्टी हातात असल्या की फायरवॉलच्या नोंदींत तुमची जोडणी शोधायला मिनिटभर लागतं. नसल्या, तर अंदाज बांधत बसावं लागतं.

दोन कंपन्यांची नेट जोडणारा राउटर ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं: एक लाइन पडली की राउटर न विचारता दुसरीवर जातो, आणि दुसरीचा पत्ता नोंदवलेला नसतो. दोन्ही नोंदवा. प्रत्येकाला दोन पत्ते नोंदवता येतात.

लाइट गेली की राउटर बंद होतो आणि पत्ता बदलतो. यावर काही उपाय?

घरात इन्व्हर्टर असूनही राउटर चालू-बंद होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण पाहा. अनेक इन्व्हर्टरांवर `ECO` आणि `UPS` अशा दोन स्थिती असतात. `ECO` वर मेनवरून बॅटरीवर जायला थोडा जास्त वेळ लागतो. पंख्याला तो जाणवत नाही, पण राउटर तेवढ्यात रीस्टार्ट होतो. `UPS` वर ठेवलं तर बहुधा टिकतो.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्याआधी फायबरची पेटी आणि राउटर, दोन्हींच्या अ‍ॅडाप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर वाचा. बरेच १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ व्होल्टचेही आहेत, आणि चुकीची पिन लावल्यास डबा जळू शकतो. दोन्ही उपकरणांचे अ‍ॅम्पिअर मिळून जेवढे होतात, तेवढे यूपीएसने दिले पाहिजेत. फक्त राउटर चालू ठेवून फायबरची पेटी बंद राहिली तर जोडणी तुटणारच, म्हणून दोन पिनांचा यूपीएस हवा.

नेट गेलं तर तेवढ्यापुरतं मोबाइल हॉटस्पॉट चालेल?

नाही. मोबाइलवर आयपीव्ही४ साधारणपणे सामायिक पत्त्यातूनच जातं आणि तो वारंवार बदलतो, त्यामुळे नोंदवण्यासारखं तिथे काही नाही. रात्रीच्या ऑन-कॉल यादीतल्यांना कंपनी ठरावीक पत्त्याचं डेटा सिम देते. तुमचं नाव यादीत असून सिम मिळालं नसेल तर मॅनेजरमार्फत मागा. इतरांनी नेट येईपर्यंत मेल आणि मीटिंगची कामं करावीत, किंवा ऑफिसला यावं.

गणपतीला गावी जातो आणि तिथून काम करतो. काय करायचं?

गावच्या घरी ब्रॉडबँड असेल आणि वरच्या तपासणीत ते टिकत असेल, तर तो दुसरा पत्ता म्हणून नोंदवा. अडचण अशी की तपासणी त्या घरातूनच करावी लागते. मुंबईत बसून गावचा पत्ता काढता येत नाही. घरातल्या कुणाला तिथे फोन उघडून `api.ipify.org` पाहायला सांगा, मात्र मोबाइल डेटा बंद करून, वायफायवर. `WAN IP` चा फोटोही मागवा. फॉर्म आल्यापासून आम्हाला कामाचे दोन दिवस लागतात, आणि गौरी-गणपतीच्या आठवड्यात एकदम गर्दी होते, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी पाठवा. तात्पुरती नोंद जास्तीत जास्त ३० दिवस राहते, मग आपोआप निघते.

हॉटेल, कॅफे, रेल्वे स्थानकाचं वायफाय, पीजी किंवा हॉस्टेलचं सामायिक नेट यांची नोंद होणार नाही. पीजीत राहणाऱ्यांनी खोलीत स्वतःच्या नावावर वेगळं कनेक्शन घेतलं तर चालेल.

पती-पत्नी दोघंही याच कंपनीत आहोत. एक फॉर्म पुरेल?

फॉर्म दोन भरा, पत्ता एकच असू दे. नोंद व्यक्ती आणि पत्ता अशा जोडीची असते. एकजण नोकरी सोडून गेला तर त्याची जोडी निघते, दुसऱ्याची राहते.

डायनॅमिक डीएनएसचं नाव नोंदवता येईल?

नाही. डायनॅमिक डीएनएस म्हणजे बदलत्या पत्त्याला दिलेलं एक कायमचं नाव. नावामागचा पत्ता बदलल्यावर फायरवॉलला तो कळेपर्यंत जुना पत्ता यादीत राहतो, आणि तोवर तो दुसऱ्याच ग्राहकाला मिळालेला असू शकतो. शिवाय त्या नावाच्या खात्याचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला, तर तो स्वतःचा पत्ता आपल्या यादीत घालू शकतो.

यावरून कंपनीला मी कुठे आहे, काय पाहतो, हे कळतं का?

आयपी पत्त्यावरून ऑपरेटर कोण हे कळतं आणि शहराचा ढोबळ अंदाज येतो. तो अंदाजही चुकतो. नाशिकचं कनेक्शन मुंबईचं दिसणं नेहमीचंच आहे. त्यामुळे आम्ही ठिकाण तपासतच नाही, फक्त आकडा यादीत आहे का ते पाहतो. घरातले इतरजण काय पाहतात ते आमच्याकडे येत नाही, कारण तो वापर आमच्या फायरवॉलमधून जात नाही.

नोंदींमध्ये नाव, पत्ता, जोडणीची वेळ आणि नाकारलेले प्रयत्न राहतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. म्हणूनच लॅपटॉप हरवला किंवा पासवर्ड कुठे भरला गेल्याची शंका आली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीही फोन करा.

"पत्ता नोंदवा" अशी लिंक मेलवर आली. उघडू का?

उघडू नका. फॉर्म फक्त इंट्रानेटच्या हेल्पडेस्क पानावर आहे, आणि त्याची लिंक आम्ही मेल, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत नाही. ऑफिसला येणं शक्य नसेल तर हेल्पडेस्कला फोन करून पत्ता सांगा. आम्ही एचआरकडे नोंदवलेल्या तुमच्या नंबरवर उलट फोन करून खात्री करू. या कामासाठी पासवर्ड किंवा ओटीपी लागत नाही. आयटीतून बोलतोय असं सांगून कुणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवा आणि लगेच कळवा.

घर किंवा ऑपरेटर बदलतोय. जुन्या पत्त्याचं काय?

जुनं कनेक्शन बंद होण्याच्या दिवशीच कळवा. ऑपरेटर तो पत्ता पुढच्या ग्राहकाला देतो, आणि तोपर्यंत आमच्या यादीत तो तुमच्या नावावर उघडा असतो. नव्या घरी नेट लागलं की वरची तुलना पुन्हा करा, ऑपरेटर तोच असला तरीही; भाग बदलला की सार्वजनिक पत्त्याऐवजी सीजीनॅट मिळू शकतं. यादीतला जो पत्ता सलग ६० दिवस वापरला जात नाही, तो आम्ही मेल करून काढून टाकतो. दीर्घ रजेवरून परतणाऱ्यांनी रुजू होण्याच्या दोन दिवस आधी फॉर्म पुन्हा भरावा.